रॉक संगीतातील बेस गिटार : खर्जापासून चालीपर्यंत



साहित्याच्या व्यासपीठावर बेस गिटारसारख्या वाद्यावर बोलायला मला बोलावले, याचे पहिल्यांदा मलाच आश्चर्य वाटले. कार्यवाहांनी मात्र एक अट घातली होती. "आमच्या कुळगीत भजन ऐकणारा माणूस आहे, नाटक पाहणारा माणूस आहे. त्याला कळेल असे बोला." ही अट मला फार आवडली, कारण बेस गिटारची गोष्ट सांगायला भजनापेक्षा चांगली सुरुवात मला सुचली नसती.

भजनाला बसल्यावर तंबोरा काय करतो, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. तो सा देतो. गाणारा कुठेही भटकला, तरी जमीन कुठे आहे हे त्या खर्जाच्या तारेवरून कळते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार सेकंदाला साधारण 70 वेळा थरथरते. बेस गिटारची सर्वांत जाड तार त्याहूनही खाली, सेकंदाला सुमारे 41 कंपनांवर असते. म्हणजे हे वाद्य आपल्या ओळखीच्या खर्जाच्याही तळघरात राहते. आवाज खोल, पण ऐकणाऱ्याचे लक्ष सहसा त्याच्याकडे नाही. मी काही वर्षे हुबळी-बेळगाव भागातल्या वाद्यवृंदांत हे वाद्य वाजवले. कार्यक्रम संपल्यावर लोक गायकाला भेटत, ढोलक वाजवणाऱ्याला भेटत, आणि मला विचारत, "तुम्ही नक्की काय वाजवत होता?"

या प्रश्नाला 1955 च्या सुमारास एक उत्तर होते आणि 1967 मध्ये वेगळे. त्या बारा वर्षांत काय घडले ते मला आज सांगायचे आहे. सगळा इतिहास सांगत नाही. एका वादकाला, बीटल्स या इंग्लिश बँडच्या पॉल मॅकार्टनीला, धरून चालतो, कारण त्याच्या ध्वनिमुद्रिका एकापाठोपाठ एक ऐकल्या की हा बदल अगदी पायरी-पायरीने दिसतो.

पण त्याआधी एक फरक नीट समजून घ्यावा लागेल. तो समजला की पुढचे सगळे सोपे आहे.

आपल्या संगीतात सा एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. पाश्चात्त्य गाण्यात मात्र दर चार मात्रांनी, कधी त्याहूनही लवकर, स्वरांचा एक नवा जुडगा येतो. त्याला कॉर्ड म्हणतात. सा, ग आणि प हे तीन स्वर एकत्र वाजवले की एक कॉर्ड झाली. म, ध आणि वरचा सा ही दुसरी. प, नि आणि रे ही तिसरी. यातल्या प्रत्येक जुडग्याचा एक मालक असतो. पहिल्याचा सा, दुसऱ्याचा म, तिसऱ्याचा प. या मालक स्वराला आपण मूळ स्वर म्हणू. जेवढा वेळ ती कॉर्ड चालू असते तेवढ्यापुरता तो मूळ स्वरच तिथला सा असतो. म्हणजे पाश्चात्त्य गाण्यात जमीन सरकत राहते, आणि ती आता कुठे आहे हे कोणीतरी सांगावे लागते. ते काम बेसचे. बेस हा चालता तंबोरा आहे.

सुरुवातीच्या रॉक अँड रोलमध्ये हा तंबोरा एवढेच करी. कॉर्ड सा ची असेल तर चार मात्रा सा, सा, सा, सा. कॉर्ड म ची झाली की म, म, म, म. फार तर मधे एकदा पंचम. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात ना, तसा हा माणूस. त्याच्यावाचून पोवाडा उभा राहत नाही, पण पोवाडा त्याचा नसतो.

यात वादकाचा दोष नव्हता. वाद्यच तसे होते. 1950 च्या आधी बँडमधला बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभे धरायचे, लाकडाचे डबल बेस. आपल्या जुन्या हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत गोव्याचे वादक जे वाजवीत तेच. त्याला पडदे नसतात. बोट अर्धा इंच इकडे-तिकडे झाले की स्वर बेसूर. आवाज लहान, त्यामुळे ड्रम आणि विजेच्या गिटारपुढे तो बुडून जाई. अशा स्थितीत वादकाने सुरक्षित स्वर धरून जोर लावून वाजवणे हेच शहाणपण होते.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याने 1951 मध्ये एक बेस बाजारात आणला. गिटारसारखा आडवा धरायचा, विजेवर चालणारा, आणि पडदे असलेला. नाव ठेवले 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. कारण पडद्यामागे बोट कुठेही दाबले तरी स्वर बरोबरच लागायचा. डबल बेसवरची तार चाळीस इंचांहून लांब असते. फेंडरने ती 34 इंचांवर आणली. हाताला अंतरे आवाक्यात आली. जे गिटारवादक डबल बेसला हात लावायला धजत नव्हते, त्यांना हे वाद्य आठवड्याभरात वाजवता येऊ लागले.

मला यात एक गंमत दिसते. वाद्य सोपे झाले ते उजवे वादक यावेत म्हणून नव्हे, तर कमी तयारीच्या माणसालाही बँडमध्ये उभे राहता यावे म्हणून. पहिली दहा वर्षे बहुतेकांनी त्यावर तोच सा-सा-सा-सा वाजवला. दार उघडले होते, पण आत जायला कोणी तयार नव्हते. बँडमध्ये सर्वांत कमी येणाऱ्याच्या गळ्यात बेस पडत असे.

बीटल्समध्येही तसेच झाले. त्यांचा पहिला बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ मुळात चित्रकार होता. 1961 मध्ये तो बँड सोडून जर्मनीतल्या हँबर्ग शहरात राहिला. उरलेल्यांपैकी कोणालाच बेस नको होता. शेवटी तो मॅकार्टनीकडे आला. त्याने हँबर्गमध्येच सुमारे 30 पौंडांना हॉफनर कंपनीचा, व्हायोलिनच्या आकाराचा हलका बेस घेतला. तो डावखुरा. दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे वाद्य उलटे धरले तरी विचित्र दिसत नाही, हा एक विचार त्यामागे होता. (हा बेस 1972 मध्ये चोरीला गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी परत सापडला. 2024 साली ही बातमी जगभर छापून आली होती. असो.)

आता मॅकार्टनी बेसवर आला तेव्हा तो काही कमी येणारा नव्हता. तो गिटार वाजवी, पियानो वाजवी, आणि मुख्य म्हणजे तो गायक आणि संगीतकार होता. चाली बांधणाऱ्या माणसाच्या हातात झीलकऱ्याचे काम आले. तरी 1962 च्या 'लव्ह मी डू' या त्यांच्या पहिल्या मुद्रिकेत बेस ऐका. मूळ स्वर, त्याचा पंचम, पुन्हा मूळ स्वर. बस्स. पुढच्याच वर्षीच्या 'ऑल माय लव्हिंग'मध्ये मात्र बेस चालायला लागलेला आहे, अक्षरशः. प्रत्येक मात्रेला नवा स्वर, एकापासून दुसऱ्याकडे पावले टाकत.

हे चालणे म्हणजे काय ते आपण पेटीवर करून पाहू. घरी पेटी असेल त्यांनी जरूर करावे.

चार कॉर्ड घ्या. पहिली सा ची, दुसरी ध ची, तिसरी म ची, चौथी प ची. प्रत्येक चार मात्रा. त्या काळातली शेकडो गाणी या चार कॉर्डवर आहेत. आता खालच्या सप्तकात फक्त मूळ स्वर वाजवा. सा सा सा सा, ध ध ध ध, म म म म, प प प प. गाणे उभे राहते. पण हे चार खांब आहेत, त्यांच्यामध्ये काही नाही.

आता फक्त शेवटच्या एक-दोन मात्रा बदला. सा सा सा नि, मग खालचा ध ध ध प, मग म म म आणि तीव्र म, मग प प ध नि, आणि पुन्हा सा. जरा गुणगुणून बघा. एकही कॉर्ड बदललेली नाही. प्रत्येक कॉर्डची पहिली मात्रा मूळ स्वरावरच आहे, म्हणजे जमीन दाखवण्याचे काम चुकलेले नाही. पण सा वरून ध वर जाताना वाटेत नि भेटला, ध वरून म वर जाताना प भेटला, म वरून प वर चढताना तीव्र मध्यमाने हळूच ढकलले. खांबांच्या मधे आता वाट झाली आहे. आणि ही ओळ वेगळी म्हणता येते. तिला चाल आहे.

बेसच्या बदलातली ही पहिली पायरी. चांगला वादक इथे एक नियम मनात ठेवतो. पहिली मात्रा जमिनीची, बाकीच्या मात्रा माझ्या. नवशिक्याची चूक नेमकी इथेच होते. त्याला वाटेतले स्वर इतके आवडतात की पहिल्या मात्रेला मुक्कामावर पोहोचायचेच राहते. ऐकणाऱ्याला नक्की काय चुकले ते सांगता येत नाही, पण गाणे डगमगते. गायक उगाच मागे वळून बघायला लागला, तर बहुधा बेसवाला उशिरा पोहोचला आहे असे समजावे. दुसरी खूण ड्रमची. ड्रमवाला पायाने जो मोठा ढोल वाजवतो त्याचा ठोका आणि बेसचा स्वर एकत्र पडले तर दोन्ही मिळून एकच भरीव आवाज होतो. किंचित मागेपुढे झाले तर दोन्ही पोकळ वाटतात. तबल्याची थाप बरोबर पडली आणि बायां घुमलाच नाही तर जसे वाटते तसे.

दुसरी पायरी मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती फारशी बोलली जात नाही. पहिल्या पायरीत बेसने मूळ स्वराला धक्का लावला नव्हता. आता समजा, वर कॉर्ड प ची आहे, म्हणजे प, नि, रे वाजत आहेत, पण बेसने प न वाजवता नि धरला. तेच तीन स्वर, पण नि तळाशी गेला. कॉर्डचा अर्थ बदलतो. ती आता स्थिर उभी राहत नाही, तिला पुढे जायचे असते. म्हणून बेसवादक सा, नि, ध, प असा सरळ जिना उतरू शकतो आणि वरच्या कॉर्ड मात्र सा ची, प ची, ध ची अशा आपल्या क्रमाने चालतात. वरच्यांना वाटते आपण गाणे चालवतोय. खालचा एक स्वर सरकवून बेस त्याचा अर्थ ठरवत असतो.

हे मी पहिल्यांदा कानाने पकडले ते 1967 च्या 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' या गाण्यात. कडव्यात वरचे वाद्य जवळजवळ एकाच कॉर्डभोवती फिरत राहते, आणि तळाचा स्वर उतरतो. सा, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध. बस्स, चार पावले. गाण्याला जे स्वप्नात तरंगल्यासारखे वाटते ते बरेचसे या उतरणीमुळे. तळाचा स्वर सा वरच खिळवून ठेवला, तर तेच कडवे लहान मुलांच्या बडबडगीतासारखे वाटेल. पेटीवर डाव्या हाताने ही उतरण आणि उजव्या हाताने नुसते सा-ग-प धरून पाहा. दोनदा करा, एकदा उतरणीसकट, एकदा फक्त सा धरून.

इथे प्रश्न पडतो की 1962 ते 1967 या पाच वर्षांतच हे का घडले. मॅकार्टनी एकदम हुशार झाला, हे उत्तर पुरेसे नाही. मला तीन कारणे दिसतात, आणि त्यांतली दोन संगीताच्या बाहेरची आहेत.

पहिले कारण अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचे. तिथे मोटाउन नावाची कंपनी कृष्णवर्णीय गायकांची गाणी काढत असे. त्यांच्या बहुतेक गाण्यांवर जेम्स जेमरसन नावाचा वादक बेस वाजवी. तो मूळचा डबल बेसवाला, जॅझमध्ये तयार झालेला. फेंडरचे वाद्य हातात घेतल्यावरही तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने तार छेडी. त्याच्या बेसमध्ये स्वर मात्रेवर पडण्याऐवजी मात्रेच्या आधी-नंतर पडत, मूळ स्वराभोवती लहान लहान वळसे घेत आणि तरी गाण्याला कुठेही सोडत नसत. आपल्याकडचा तयार तबलजी ठेका भरतो तसे. जगभरचे तरुण वादक हे ऐकत होते, पण हा कोण हे त्यांना माहीत नव्हते. कारण कंपनी मुद्रिकेवर वादकांची नावे छापत नसे. 1971 मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर त्याचे नाव आले, तोवर त्याचे उत्तम काम बहुतेक होऊन गेले होते. आपल्या सिनेसंगीतातल्या वादकांशी हे फार मिळते-जुळते आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. त्यांचा बेस ऐकला नाही असा माणूस या सभागृहात नसेल, आणि त्यांचे नाव ऐकलेला क्वचितच सापडेल.

मॅकार्टनीने जेमरसनचे ऋण स्वतः अनेकदा मान्य केले आहे. बीच बॉइजचा ब्रायन विल्सन याचेही. विल्सनच्या 1966 च्या 'पेट साउंड्स' अल्बममध्ये बेस वारंवार मूळ स्वर सोडून दुसऱ्याच स्वरावर उभा असतो. मी मघाशी सांगितलेली दुसरी पायरी ती हीच.

दुसरे कारण तबकडीचे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ग्रामोफोन पाहिला आहे. तबकडीवरची खोबण म्हणजे ध्वनीचे कोरलेले चित्र. स्वर जितका खोल आणि मोठा, तितकी खोबण डावी-उजवीकडे रुंद झुलते. फार झुलली तर घरच्या स्वस्त ग्रामोफोनची सुई तिच्यातून उडते. म्हणून कंपनीचे तंत्रज्ञ बेस मुद्दाम दाबून ठेवत. इंग्लंडमध्ये ई.एम.आय.चे नियम याबाबतीत विशेष कडक होते. अमेरिकन तबकड्यांवर बेस मोठा ऐकू येतो आणि आपल्यावर येत नाही, अशी बीटल्सची तक्रार होती. एप्रिल 1966 मध्ये 'पेपरबॅक रायटर' हे गाणे मुद्रित करताना जेफ एमेरिक या तरुण तंत्रज्ञाच्या चमूने एक उलटा प्रयोग केला. बेसच्या ध्वनिवर्धकासमोर मायक्रोफोन न ठेवता एक मोठा स्पीकरच उलट जोडून मायक्रोफोनसारखा वापरला. स्पीकरचा पडदा मोठा असल्याने खोल स्वर तो चांगला झेलतो. मॅकार्टनीच्या हातातही आता हॉफनरऐवजी रिकनबॅकर कंपनीचे, अधिक लांब तारेचे वाद्य होते. त्याचा स्वर स्वच्छ आणि ठाम निघे. या गाण्यात बेस पहिल्यांदा पुढच्या रांगेत येऊन बसला.

हे ऐकून कोणी म्हणेल, यात संगीत कुठे आहे, ही तर यंत्राची गोष्ट. पण विचार करा. ऐकूच येणार नाही असा स्वर सुंदर करण्याचे कष्ट कोण घेईल? जेमरसनसारखे घेणारे होते, पण सगळे जेमरसन नसतात.

तिसरे कारण मला सगळ्यांत आवडते. सुरुवातीला बँड एकत्र उभा राहून वाजवी आणि सगळे एकदमच मुद्रित होई. बेसवाल्याने गाताना आणि सगळ्यांना ऐकताना वाजवायचे. अशा वेळी तो सोपे तेच वाजवणार. पुढे ध्वनिफितीवर वेगवेगळे पट्टे आले. 1963 च्या अखेरीपासून बीटल्सना चार पट्ट्यांची यंत्रे मिळाली. मग ड्रम, गिटार, आवाज आधी, आणि बेस मागून चढवता येऊ लागला. 1967 च्या 'सार्जंट पेपर' या अल्बमच्या वेळी मॅकार्टनी पुष्कळदा सगळे घरी गेल्यावर रात्री उशिरा, एमेरिक आणि त्याचा मदतनीस एवढ्यांनाच बरोबर घेऊन बेस वाजवत बसे. पूर्ण गाणे त्याच्यासमोर तयार असे. गायक कुठे श्वास घेतो, ओळ कुठे संपते, कुठे शब्द दाट आहेत, हे सगळे त्याला माहीत असे. त्यामुळे शब्द चालू असताना बेस शांत, आणि शब्द थांबला की त्या फटीत बेसची लहानशी ओळ. कीर्तनात बुवा थांबले की पेटीवाला जो तुकडा भरतो, त्यासारखे हे. फरक इतकाच की त्याला पाहिजे तेवढ्या वेळा पुन्हा वाजवून पाहता येत असे.

या पद्धतीचा कळस मला 1969 च्या 'समथिंग' या गाण्यात वाटतो. गाणे जॉर्ज हॅरिसनचे. बेस त्यात दुसरा गायक होऊन बसला आहे. काही जाणकार म्हणतात की तो जास्त बोलतो. मला तसे वाटत नाही, पण ही तक्रार ऐकण्यासारखी आहे. गाण्यातल्या शब्दांशेजारी दुसरी चाल उभी राहिली की श्रोत्याचे लक्ष विभागते. 'समथिंग'मध्ये तो तोल सांभाळला गेला आहे, कारण बेसच्या प्रत्येक वळशाचा शेवट पुढच्या कॉर्डच्या जमिनीवर होतो. त्याचे अनुकरण करणाऱ्या अनेकांनी वळसे घेतले आणि जमीन विसरले.

बीटल्सशिवाय इतरही बँड त्याच वेळी तिकडे निघाले होते. द हू या बँडच्या जॉन एंटविसलने 1965 च्या 'माय जनरेशन' या गाण्यात चक्क बेसवर एकट्याने वाजवण्याच्या जागा घेतल्या. त्या बँडमध्ये गिटारवादक एकच, आणि तोही बहुतेक कॉर्डच वाजवी. मधली जागा मोकळी होती, ती बेसने भरली. क्रीम या तिघांच्या बँडमध्ये जॅक ब्रूस हा चेलो शिकलेला. बँडमध्ये माणसे कमी असली की बेसला बोलायला जास्त वेळ मिळतो, हे दोन्हीकडे दिसते. आमच्या वाद्यवृंदात पेटी, सिंथेसायझर, दोन गिटार, बासरी आणि तीन तालवाद्ये असत. तिथे बेसने चाली वाजवल्या असत्या तर नुसता गोंगाट झाला असता.

गोंगाटावरून एक तांत्रिक मर्यादा सांगतो, कारण गणेशोत्सवात आपण सगळेच तिचे बळी असतो. फार खाली दोन जवळचे स्वर एकदम वाजवले, उदाहरणार्थ सा आणि ग, तर ते वेगळे ऐकू येत नाहीत, नुसती घरघर होते. पेटीच्या अगदी डाव्या टोकाला करून पाहा, आणि मग तेच मधल्या सप्तकात करा. वर गोड, खाली गढूळ. म्हणून बेसची चाल ही नेहमी एका वेळी एकच स्वर अशी असते, आणि जिथे बेसवादकाला गायचे असते तिथे तो हळूच वरच्या तारांवर जातो. मोठमोठ्या भिंतींएवढ्या स्पीकरांतून फक्त धडधड येत असेल, तर तिथे बेस आहे असे समजू नये. छाती हलते, पण स्वर कोणता होता हे कोणाला सांगता येत नाही. उलट मोबाइलच्या बोटभर स्पीकरमधून हे खालचे स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. त्यांचे वरचे स्वरांश तेवढे ऐकू येतात आणि उरलेला स्वर आपला मेंदू कल्पनेने भरतो. बेस ऐकायचा तर साधे का होईना, कानात घालायचे इअरफोन हवेत.

आता शेवटी आपल्या देशाकडे येतो, कारण मला इथे एक कोडे दिसते. पाश्चात्त्य बेस मोकळा झाला तो सरकत्या जमिनीवर. आपल्या संगीतात तर जमीन सरकतच नाही. मग भारतीय सुरांवर रॉक करणाऱ्या बँडमध्ये बेसने काय करायचे? कॉर्डच बदलत नसतील तर मूळ स्वर एकच. सा, सा, सा, सा, सगळे गाणेभर. तो तर तंबोऱ्याने आधीच वाजवला आहे.

दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने याचे एक उत्तर शोधले आहे. राहुल राम हा त्यांचा बेसवादक, आणि तो गातोही. पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर अमेरिकेत पीएच.डी. करून तो परतला आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम केले. 2000 साली आलेल्या 'कंदिसा' या अल्बममधले 'मा रेवा' हे नर्मदेचे लोकगीत त्याच खोऱ्यातून बँडपर्यंत पोहोचले. या बँडच्या बऱ्याच रचना एका सा भोवतीच फिरतात. त्यामुळे तिथे बेसला कॉर्डमागे धावण्याचे काम उरत नाही. मग तो एक लहानशी ओळ बांधतो, चार किंवा आठ मात्रांची, आणि ती ठेक्यासारखी फिरवत राहतो. सारंगीवाला लहरा धरतो आणि तबलजी त्यावर बोलतो, तशी ही ओळ. लहरा ही चालही आहे आणि हिशेबही. तिच्यावर गिटार, तबला आणि आवाज हवे तिकडे फिरू शकतात, कारण सम कुठे आहे हे बेस दर फेरीला सांगत असतो.

म्हणजे डेट्रॉइट आणि लंडनहून निघालेला बेस पहिल्या मात्रेचे वचन पाळत चालीकडे गेला, तर इथला बेस समेचे वचन पाळत लहऱ्याकडे. मला दुसरी वाट अजून पुरती चालून झाली आहे असे वाटत नाही. आपल्याकडे दांडेली, हल्याळ भागातली मुले आता गिटार शिकतात, आणि त्यातले एखाद-दुसरे बेसकडे वळते. ते बहुतेक वेळा इंटरनेटवरून इंग्रजी गाण्यांचे बेस जसेच्या तसे उतरवून घेतात. ते करावेच. पण त्याबरोबर एखाद्या जुन्या पेटीवाल्याकडे जाऊन त्रितालातले आणि झपतालातले चार लहरे बोटांत बसवले, तर खालच्या दोन तारांवर ते किती सहज बसतात हे त्यांच्या लक्षात येईल. झपतालाच्या दहा मात्रांचा लहरा तर जरूर बसवावा. त्याचे दोन-तीन-दोन-तीन असे तुकडे पडतात, त्यामुळे दोन मात्रांच्या तुकड्यात मूळ स्वर आणि तीनच्या तुकड्यात वाटेतले स्वर, अशी वाटणी आपोआप होते. नवव्या-दहाव्या मात्रेला नि वर थांबून समेला सा वर उतरायचे. पहिल्या प्रयत्नात हात हमखास नवव्या मात्रेवरच सम समजून उतरतो, कारण इंग्रजी गाण्यांनी त्याला आठची सवय लावलेली असते.